फ्यूज उडाला नाही, तरी ड्राइव्ह बिघडलेला होता

माझं पीएच.डी.चं काम मोटार ड्राइव्हमधले दोष वेळेत कसे ओळखायचे यावर चालू आहे. या वेळी सध्याच्या संशोधनापेक्षा थोडं मागं जाऊ. कारण ज्या दोषावर मी दोन वर्षं घालवली, त्याचं मूळ साठेक वर्षांपूर्वी घेतलेल्या एका चांगल्या निर्णयात आहे.

सुरुवात आमच्या भागातूनच करतो. कवठे महांकाळ तसा दुष्काळी तालुका. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तसा इकडे ऊस वाढला. तालुक्यात स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सांगली जिल्ह्यात आणखीही बरेच आहेत. त्यामुळं इथल्या घराघरांत कोणी ना कोणी कारखान्यात असतंच. माझे मामा अशाच एका कारखान्यात (नाव नको) इलेक्ट्रिकल विभागात होते. मी इंजिनिअरिंगला असताना ते एकदा म्हणाले, "आरं, फ्यूज उडाला नाही म्हणजे ड्राइव्ह चांगला, असं कधी समजू नको." तेव्हा मी नुसती मान हलवली. अर्थ कळायला बराच वेळ गेला.

मामांचं मशीन होतं सेंट्रिफ्युगल. पॅनमध्ये साखरेचे दाणे आणि मळी एकत्र शिजून जो घट्ट राब तयार होतो, तो जाळीच्या टोपलीत घालून गरागरा फिरवतात. मळी जाळीतून बाहेर जाते, साखर आत राहते. टोपली साधारण २०० आरपीएमला भरायची, हजाराच्या वर नेऊन फिरवायची, मग ५०-६० आरपीएमपर्यंत खाली आणून साखर खरवडायची, की पुन्हा पहिल्यापासून. सगळं काही मिनिटांत, आणि गळीत हंगामात रात्रंदिवस. शेकडो किलोचा माल सारखा पळवायचा आणि थांबवायचा, म्हणून इथं वेग हवा तसा बदलता येणारी डीसी मोटार बसवत.

आता इतिहास. डीसी मोटारचा वेग सलग बदलायची पहिली उत्तम पद्धत अमेरिकेतल्या हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांची, १८९१ च्या पेटंटची. एका मोटारनं जनरेटर फिरवायचा आणि त्या जनरेटरचं फील्ड कमी-जास्त करून दुसऱ्या मोटारला मिळणारं व्होल्टेज बदलायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही हा सेट पाहिला असेल. अवजड, आवाज करणारा, पण सोशिक. जनरेटरचं फील्ड सावकाश बदलतं, त्यामुळं करंटही एकदम उसळत नाही. ऑपरेटरनं थोडी घाई केलीच तर कम्युटेटरवर ठिणग्या उडतात, ॲमीटरचा काटा टोकाला जातो, माणूस हात मागं घेतो. तांबं आणि लोखंड काही सेकंदांचा अन्याय सहन करतं.

१९५० च्या दशकाच्या शेवटी थायरिस्टर आला आणि हा सोशिकपणा गेला. सहा थायरिस्टरचा ब्रिज ५० हर्ट्झच्या थ्री फेज लाइनवर दर ३.३ मिलिसेकंदाला नवा पल्स देतो, म्हणजे जनरेटरपेक्षा कितीतरी चपळ. पण सिलिकॉनची चकती नखाएवढी किंवा बांगडीएवढी, तिला उष्णता साठवायला जागाच नाही. जास्त करंट गेला तर ती काही मिलिसेकंदांत मरते. ॲमीटरचा काटा हलायच्या आत.

हे आकड्यांत बघू. हिशेबासाठी एक मोटार धरा. १००० आरपीएमला तिचा बॅक ईएमएफ ४२० व्होल्ट, फुल लोडचा करंट २०० ॲम्पियर, आर्मेचरचा रोध ०.१ ओहम. ४१५ व्होल्टच्या लाइनवरून ब्रिज जास्तीत जास्त सुमारे ५६० व्होल्ट डीसी देतो. मोटार उभी आहे आणि तुम्ही १००० आरपीएम मागितले. फक्त वेग बघणारा रेग्युलेटर काय करेल? त्याला दिसतं की फरक प्रचंड आहे, म्हणून तो ब्रिज पूर्ण उघडतो. मोटार उभी असल्यानं बॅक ईएमएफ शून्य. ५६० भागिले ०.१, म्हणजे करंट ५६०० ॲम्पियरच्या दिशेनं निघाला. आर्मेचरचं इंडक्टन्स त्याला थोडं अडवतं, तरी सहा-सात मिलिसेकंदांत तो हजारावर जातो. आणि भरलेली टोपली? तिचं जडत्व ८०० किलोग्रॅम-मीटर वर्ग धरलं, तर दीडपट करंट, म्हणजे ३०० ॲम्पियर सतत देऊनही तिला १००० आरपीएम गाठायला जवळपास ७० सेकंद लागतात.

दोन्ही वेळा शेजारी ठेवून बघा. करंट मिलिसेकंदांत बिघडतो, वेग सेकंदांत बदलतो. एकच रेग्युलेटर दोघांकडं लक्ष देऊ शकत नाही. वेगासाठी तो संथ ठेवला तर करंट निसटतो, करंटसाठी चपळ केला तर वेग डोलायला लागतो.

म्हणून काम दोघांत वाटलं गेलं. बाहेरचा रेग्युलेटर वेग बघतो. मोटारच्या शाफ्टवर बसवलेला छोटा डीसी जनरेटर, म्हणजे टॅकोजनरेटर, दर हजार आरपीएमला समजा ६० व्होल्ट देतो. ते व्होल्टेज मागितलेल्या वेगाशी ताडून बाहेरचा रेग्युलेटर ठरवतो, मात्र ब्रिज किती उघडायचा हे नाही, तर करंट किती हवा हे. तो आकडा आतल्या रेग्युलेटरला मिळतो. आतला खरा करंट मोजतो आणि थायरिस्टरच्या गेटला पल्स कधी द्यायचा ते ठरवतो. एक लूप दुसऱ्याच्या पोटात, यालाच कॅस्केड म्हणतात.

यातली सर्वात हुशार गोष्ट अगदी साधी आहे. त्या काळच्या कार्डवर हे रेग्युलेटर ऑप-ॲम्पचे असत. बाहेरच्या रेग्युलेटरचं आउटपुट झेनर लावून १० व्होल्टवर अडवायचं आणि १० व्होल्ट म्हणजे ३०० ॲम्पियर असं ठरवायचं. झाली करंट लिमिट! बाहेरचा कितीही ओरडला तरी ३०० च्या वर मागूच शकत नाही. टोपली पळायला लागली की बाहेरचा त्या बंधाऱ्याला टेकून राहतो, आतला ३०० ॲम्पियर इमानेइतबारे पुरवतो, आणि वेग जवळ आला की बाहेरचा पुन्हा ताबा घेतो.

हे जुळवायचं कसं, याची रीत जर्मनीत सीमेन्समधल्या केसलर यांनी १९५० च्या दशकात बसवली. आधी आतला लूप जुळवायचा, तोही मोटारचं फील्ड बंद ठेवून, म्हणजे शाफ्ट फिरणार नाही. आतला नीट बसला की बाहेरच्यासाठी तो जणू एकच छोटा उशीर होतो, आणि मग बाहेरचा जुळवायचा. केसलर यांच्या १९५८ च्या 'सिमेट्रिकल ऑप्टिमम' नियमानं बाहेरचा लूप लोडचा धक्का झटकन भरून काढतो, पण मागणी एकदम बदलली तर वेग ४३ टक्के पुढं उसळतो. म्हणून मागणी रॅम्पमधून, हळूहळू चढवत देतात. जुन्या ड्राइव्हच्या कार्डवर रॅम्पचा वेगळा पॉट का असतो, याचं एक मोठं कारण हेच.

आता मामांच्या वाक्याकडं येऊ. टॅकोची वायर तुटली तर काय होईल?

बाहेरच्या रेग्युलेटरला वेग शून्य दिसतो. तो लगेच बंधाऱ्याला टेकतो आणि पूर्ण ३०० ॲम्पियर मागतो. आतला लूप आपलं काम चोख करतो, ३०० म्हणजे ३००. करंट मर्यादेत, थायरिस्टर थंड, फ्यूज शाबूत. आणि टोपली पळतच राहते. १००० ओलांडते, ११०० ओलांडते. ती थांबते ब्रिजचं व्होल्टेज संपल्यावर. ५६० भागिले ४२०, म्हणजे साधारण १३०० आरपीएमच्या पुढंमागं. वेग १.३ पट, पण टोपलीवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळपास १.७ पट. टॅकोच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी हेच. ओव्हरहॉलनंतरच्या पहिल्या चाचणीत हा धोका असतो, म्हणून ती टोपली रिकामी ठेवून आणि करंट लिमिट अगदी खाली आणून करायची.

गंमत बघा. जो आतला लूप थायरिस्टर वाचवायला आणला, त्यानंच फ्यूजचं तोंड बंद केलं. फ्यूज करंट बघतो, आणि करंट तर छान आहे. मामांच्या पाळीत हे एकदा घडलं. आवाज चढलेला ऐकून त्यांनी हातानं ब्रेकर पाडला, आणि टोपलीपाशी उभा असलेला पोरगा घरी गेला.

यावर उपाय म्हणजे दुसरा साक्षीदार. आर्मेचरचं व्होल्टेजही वेगाची गोष्ट सांगतंच. मोटारवर ४०० व्होल्ट आहेत आणि टॅको शून्य म्हणतोय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. अशा वेळी ड्राइव्ह ट्रिप करायचा. पण फील्ड कमजोर झालं तर हा साक्षीदारही फसतो, कारण तेच व्होल्टेज जास्त वेगाला येतं. म्हणून फील्डच्या करंटवर वेगळी नजर आणि शाफ्टवर वेगळा ओव्हरस्पीड स्विच लागतो.

वायर तुटायच्या आधी टॅको बहुधा कुरकुरतो. कपलिंग ढिलं झालं किंवा ब्रश झिजले की खरवडायच्या वेगाला, ६० आरपीएमला, करंटचा काटा दर सेकंदाला एकदा डोलतो, शाफ्टच्या फेऱ्याबरोबर. फीडबॅक तात्पुरता आर्मेचर व्होल्टेजवर बदलून बघा. डोलणं थांबलं तर दोष टॅकोत, नाही थांबलं तर लोडमध्ये किंवा मोटारमध्ये. मामा हे कानानं आणि काट्यानं ओळखायचे. मी तेच त्या करंटच्या नोंदीतून, वायर तुटायच्या आधी, आपोआप ओळखायचा प्रयत्न करतोय.

तुम्ही म्हणाल, आता डीसी ड्राइव्ह राहिलेत किती? नव्या सेंट्रिफ्युगलवर एसी मोटार आणि व्हीएफडी असतो, हे खरं. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लाश्के यांनी एसी मोटारसाठी जी फील्ड ओरिएंटेड पद्धत मांडली, ती वापरणाऱ्या ड्राइव्हमध्येही आत करंटचा लूप आहे आणि बाहेर वेगाचा. टॅकोच्या जागी एन्कोडर आला, एवढंच. त्याची केबल तुटली तर आतला लूप आजही तितक्याच इमानानं, हवा तो करंट पुरवत राहील. त्या ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये एन्कोडर तुटल्याचा फॉल्ट कोणी बंद करून ठेवलेला नाही ना, हे या ऑफ सीझनला एकदा बघून घ्या.