पार्सल उघडताना पहिलं काय दिसतं? ऑनलाइन दागिने विक्रेत्याचं खोकं, वेष्टन आणि कार्ड

सराफाच्या दुकानात दागिना हातात घेता येतो, आरशात बघता येतो, वजन विचारता येतं. इन्स्टाग्रामवरून नथ किंवा झुमके मागवणाऱ्या ग्राहकाला यातलं काहीच मिळत नाही. त्याने पाहिलेले असतात फक्त फोटो. विक्रेत्याची आणि त्याची पहिली प्रत्यक्ष भेट होते ती पार्सल हातात येतं तेव्हा. मार्केटिंगच्या भाषेत अशा भेटीच्या जागेला 'ब्रँड टचपॉइंट' म्हणतात आणि खोकं उघडण्याच्या त्या दोन मिनिटांना 'अनबॉक्सिंग'.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. अमेरिकेतली टिफनी ही १८३७ साली सुरू झालेली दागिन्यांची पेढी तिच्या निळ्या डबीमुळे जगभर ओळखली जाते. त्या निळ्या रंगाचा ट्रेडमार्कही कंपनीने १९९८ मध्ये नोंदवला. पण आपल्याकडेही खूण होतीच. सराफ दागिना पातळ गुलाबी कागदात गुंडाळून, पेढीचं नाव छापलेल्या छोट्या पाकिटात देतो. अनेक घरांच्या कपाटात दागिन्यासोबत तो कागदही वर्षानुवर्षं जपलेला असतो.

फरक इतकाच, की सराफाची पुडी दुकानातून घरापर्यंत हातात जायची. ऑनलाइन पार्सल टेम्पो, गोदामं आणि डिलिव्हरी बॉयची पिशवी असा प्रवास करून पोहोचतं. त्यामुळे वेष्टनाला आधी दागिना वाचवायचा असतो, छान दिसणं हे त्यानंतरचं काम.

पावसाळ्यातलं कोलाड: एक उदाहरण

समजा, रोहा तालुक्यातल्या कोलाडमधून घरगुती व्यवसाय करणारी एक विक्रेती जुलै महिन्यात पुण्याला पार्सल पाठवते आहे. आत आहेत चांदीचे झुमके आणि कृत्रिम मोत्यांची नथ. बाहेर धो धो पाऊस, घरात भिंतींनाही ओल आणि हवा दमट.

इथे पहिली चूक होते ती वेष्टनात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर येतो आणि ओलाव्यात ही क्रिया वेगाने होते. दमट खोलीत झुमके झिपच्या पिशवीत टाकून ती बंद केली, तर तीच दमट हवा आत कोंडली जाते. म्हणून दागिना कोरड्या सुती कापडाने पुसायचा, हवा दाबून बाहेर काढायची आणि सिलिका जेलची छोटी पुडी ठेवून मगच झिप लावायची. चांदीसाठी मिळणारी काळेपणा रोखणारी पट्टी ठेवली तर आणखी चांगलं.

पिशवीला रबरबँड मात्र लावायचा नाही. बऱ्याच रबरांमध्ये गंधक असतं आणि चांदीला नेमकं तेच नको असतं.

नथीची अडचण वेगळी आहे. तिची तार दाबाने वाकते, म्हणून ती जाड पुठ्ठ्यावर दोन चिरा पाडून अडकवायची. खाली कापूस ठेवला तर त्याचे धागे तारेत आणि मोत्यांच्या मध्ये गुंततात आणि ग्राहकाचं पहिलं काम ते सोडवण्याचं होतं. नथ आणि झुमके एकाच पिशवीत घातले तर प्रवासभर एकमेकांवर घासत राहतात. दोन दागिने, दोन पिशव्या.

आता तो गुलाबी कागद. स्वस्त रंगीत टिश्यू ओला झाला की रंग सोडतो आणि पांढऱ्या मोत्यांवर गुलाबी डाग पडतात. कागद वापरायचाच असेल तर झिपच्या पिशवीच्या बाहेरून गुंडाळावा. वर्तमानपत्राची शाईही अशीच उतरते.

खोकं मोठं की छोटं?

मोठं खोकं श्रीमंत दिसतं, पण कुरिअर कंपन्या जागेचेही पैसे लावतात. अनेक कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. येणारं उत्तर म्हणजे किलोमधलं 'आकारमानाचं वजन'. ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर बिल त्यावर लागतं.

२५ × २० × १२ सेंटीमीटरच्या खोक्याचं हे वजन १.२ किलो भरतं, मग आतला दागिना ४० ग्रॅमचा का असेना. १५ × १० × ४ सेंटीमीटरच्या खोक्याचं भरतं फक्त ०.१२ किलो. शिवाय मोठ्या खोक्यात छोटी डबी इकडून तिकडे आपटते. बंद पार्सल कानाजवळ धरून हलवावं. आवाज आला तर आत जागा उरली आहे.

बाहेरच्या खोक्यावर 'ज्वेलरी' असं लिहू नये, ते चोराला दिलेलं आमंत्रण ठरतं. ब्रँडचं नाव आणि रंग आतल्या डबीवर असावेत.

कार्डावर काय लिहायचं?

बहुतेक कार्डांवर 'थँक्यू' आणि पाच स्टारची विनंती असते. ग्राहकाच्या मनात मात्र दुसरेच प्रश्न असतात: हे नक्की कशाचं आहे, काळं पडेल का आणि आवडलं नाही तर काय?

म्हणून कार्डावर आधी धातू स्पष्ट लिहावा. 'चांदी ९२५' आणि 'पितळेवर चांदीचा मुलामा' यांत मोठा फरक आहे आणि तो ग्राहकाला नंतर कळला तर विश्वास जातो. मग निगा: अत्तर आधी, दागिना नंतर, अंघोळीला काढून ठेवावा, कोरड्या पिशवीत ठेवावा. शेवटी बदलून देण्याची मुदत आणि व्यवसायाचा संपर्क क्रमांक. ग्राहकाचं नाव हाताने लिहिलं तर एवढ्या मजकुरातही आपुलकी येते.

कार्ड सगळ्यात वर ठेवावं. खोक्याच्या तळाशी गेलेलं कार्ड कागदासोबत कचऱ्यात जातं.

'अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही तर तक्रार नाही' हे बरोबर आहे का?

अनेक विक्रेते ही अट घालतात. व्हिडिओ चांगला पुरावा आहे. सीलबंद पार्सल सगळ्या बाजूंनी दाखवून, पत्त्याचं लेबल दिसेल असं, मध्ये न थांबता चित्रण केलं तर वाद लवकर मिटतो. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारीसाठी अशी अट नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही.

ही अट कार्डावर लाल अक्षरांत छापली तर पहिली छाप संशयाची पडते. 'उघडताना व्हिडिओ काढलात तर काही अडचण आल्यास आम्हाला लवकर मदत करता येईल', असं लिहिलं तरी काम तेच होतं.

आपलं वेष्टन जमलं आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपी चाचणी: पार्सल दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाला नेहमीच्याच कुरिअरने पाठवायचं आणि उघडताना व्हिडिओ मागवायचा. त्यात चार गोष्टी बघायच्या. कात्री शोधायला किती वेळ गेला, चिकटपट्टी ओढताना आतली डबी फाटली का, कार्ड वाचलं गेलं का आणि नथ पुठ्ठ्यावर होती तशीच आहे का. ही चाचणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात करावी. कोलाडसारख्या ठिकाणी मे महिन्यात पास झालेलं वेष्टन जुलैमध्ये नापास होऊ शकतं.