चौकट, पट्टी आणि फुगा : चित्रकादंबरी कशी वाचावी?

चित्रकादंबरी प्रथमच हाती घेणारा वाचक बहुधा एकच चूक करतो. तो फुग्यांतील मजकूर भराभर वाचतो आणि चित्रांवरून नजर फिरवून पान उलटतो. पुस्तक तासाभरात संपते, पण त्यात काय घडले हे नीट सांगता येत नाही. कारण अशा पुस्तकातील निम्मा मजकूर चौकटींच्या आकारात, त्यांच्यामधील मोकळ्या जागेत आणि फुग्यांच्या रेषांत असतो. तो कसा वाचावा, हे एका परिचित प्रसंगाच्या आधारे पाहू.

१९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी सकाळी ग्रंथालयाची पुस्तके घेऊन ते बाहेर पडण्याच्या बेतात असताना जिन्यावर पावले वाजली. हाती काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद त्यांना मिळाली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. अखेर मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

चौकटींचा क्रम

हा प्रसंग एका पानावर सहा चौकटींत मांडला आहे, अशी कल्पना करा. वरच्या ओळीत तीन अरुंद चौकटी आहेत : पुस्तके उचलणारा हात, रिकामा जिना, काठ्यांनी भरलेले दार. मधली ओळ म्हणजे पानभर रुंदीची एकच चौकट असून तीत संपूर्ण खोली दिसते. खालच्या ओळीत दोन चौकटी आहेत : बांधलेले सामान आणि बागेतील बाक.

मराठी मजकुराप्रमाणेच येथेही डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचावयाचे असते. जपानी मांगा मूळ मांडणीत छापलेली असेल, तर मात्र उजवीकडून सुरुवात करावी लागते. घोटाळा होतो तो चौकटींची उंची असमान असते तेव्हा. डावीकडे एकाखाली एक अशा दोन लहान चौकटी आणि उजवीकडे त्या दोहोंइतकी उंच एक चौकट असेल, तर नवा वाचक पहिल्या लहान चौकटीवरून थेट उंच चौकटीकडे वळतो. अशा वेळी आडव्या मोकळ्या पट्टीकडे पाहावे. ती पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली असेल, तर ओळ संपली. मध्येच उंच चौकटीला अडली असेल, तर ओळ अजून चालू आहे. म्हणून आधी डावीकडील दोन्ही लहान चौकटी वाचून मग उंच चौकटीकडे जावे.

चौकटीचा आकार काळाची जाणीवही देतो. अरुंद चौकटी ओळीने आल्या की क्षण घाईने सरकतात. रुंद चौकटीत नजर रेंगाळते, म्हणून तेथे प्रसंगही थांबल्यासारखा वाटतो.

मोकळ्या पट्टीत काय घडते?

दोन चौकटींमधील मोकळ्या पट्टीला इंग्रजीत ‘गटर’ म्हणतात. नाव ऐकून मराठी वाचकाला हसू येईल, पण कथेचा मोठा भाग याच पट्टीत घडतो. रिकामा जिना आणि भरलेले दार यांच्यामध्ये माणसे वर चढली. ते चढणे कोणी चित्रित केले नाही, वाचकाने मनात पाहिले. तेथे दोन-चार क्षणच गेले.

बांधलेले सामान आणि बागेतील बाक यांच्यामधील पट्टी तितकीच रुंद आहे, पण तीत आसऱ्यासाठी केलेली विचारणा, दोन नकार आणि जवळजवळ अख्खा दिवस सामावला आहे. म्हणजे पट्टीच्या रुंदीवरून काळ मोजता येत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या चौकटींत काय बदलले, हे पाहावे लागते : स्थळ, उजेड, माणसे, अंगावरील कपडे. पुढची चौकट अचानक अनाकलनीय वाटली, तर बहुधा हाच बदल नजरेतून सुटलेला असतो. तेव्हा पुढे न रेटता एक चौकट मागे जावे.

फुग्याची शेपटी

एका चौकटीत अनेक फुगे असल्यास सर्वांत वरचा आधी आणि समान उंचीवरचे डावीकडून वाचावेत. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेली असते. काटेरी कडेचा फुगा सहसा ओरडणे दाखवतो, तुटक रेषेचा कुजबुज, तर ढगासारखा आणि खाली लहान वर्तुळे असलेला फुगा मनातील विचार. शेपटी नसलेली आयताकृती पेटी बहुधा निवेदकाची असते.

आपल्या रुंद चौकटीत दारातील माणसांचे फुगे एकमेकांवर चढलेले असतील. आंबेडकर त्या वेळी निरुत्तर उभे राहिले, म्हणून त्यांच्या बाजूला फुगाच नसेल. ही रिकामी जागाही वाचावयाची असते.

नियम मोडणारे पुस्तक

हा प्रसंग खरोखर एका चित्रकादंबरीत आहे. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने काढलेल्या ‘भीमायन’ या इंग्रजी पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली आहेत. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे आहे. मात्र वर कल्पिलेल्या सहा चौकटी तेथे सापडणार नाहीत. माणसांना चौकटीत कोंडण्यास या चित्रकारांनी नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर ‘दिग्ना’ नावाची मंगल नक्षी काढतात. तिच्याच वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पानांचे भाग पाडले. त्यामुळे सरळ ओळ शोधणारा वाचक येथे अडखळतो. त्याने नक्षीच्या पट्टीला मोकळ्या पट्टीच्या जागी मानावे, आणि क्रम तरीही उमगला नाही, तर मजकुराची जागा पाहून वरून खाली उतरत जावे.

फुग्यांचे आकार येथे अधिक बोलके आहेत. सौम्य किंवा अन्याय सोसणाऱ्या माणसांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचे विष ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातील विचारांच्या फुग्यावर डोळा काढलेला असतो. वाक्य वाचण्यापूर्वीच ते कोणत्या वृत्तीने उच्चारले गेले, हे कळते. कधी साधे, सभ्य वाटणारे वाक्य नांगीसह येते. केवळ मजकूर वाचणाऱ्याला त्यातील डंख जाणवतच नाही.

म्हणून प्रत्येक पान दोनदा पाहावे. पहिल्यांदा शब्द न वाचता, पानाचे भाग कसे पाडले आहेत आणि फुगे कोणाकडे वळले आहेत एवढेच, दुसऱ्यांदा शब्दांसह. वडोद्याच्या वाचकाने बागेचा प्रसंग असा वाचला, तर रोजच्या फिरण्यातील त्या बागेत एक बाक त्याला निराळा दिसेल.