कुत्र्यांवर शिकलेले मॉडेल आणि द्राक्षाचे पान

नाशिकच्या द्राक्षावरील रोग ओळखणारे मॉडेल नाशिकच्याच फोटोंवर, शून्यापासून घडवले पाहिजे, असे आज आग्रहाने सांगितले जाते. पूर्वपक्ष असा : 'इमेजनेट'च्या सुमारे 12 लाख फोटोंवर शिकलेले, कुत्र्यांच्या शंभरावर जाती ओळखणारे मॉडेल निफाडच्या बागेतला केवडा काय ओळखणार? शंका रास्त आहे. निष्कर्ष मात्र चुकला आहे.

अशा मॉडेलचे सुरुवातीचे थर कुत्रे पाहतच नाहीत. ते कडा, रंग आणि पोत टिपतात. योसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एका कामावर शिकलेले थर दुसऱ्या कामाला जोडून हेच तपासले. सुरुवातीचे थर सर्वत्र चालतात, विशिष्टपणा शेवटाकडे येतो, असे त्यांना आढळले. आता केवड्याची खूण पाहा. पानावर तेलकट पिवळसर डाग, मागे पांढरी बुरशी. भुरी म्हणजे राखाडी पूड. कडा, रंग, पोत यांपलीकडे यात काय आहे?

समजा, केवडा, भुरी आणि निरोगी पान यांचे प्रत्येकी 200 फोटो हाती आहेत. 'रेसनेट-50' शून्यापासून शिकवायचे तर या 600 फोटोंतून दोन कोटींहून अधिक आकडे ठरवावे लागतात. त्याला शिकणे नव्हे, पाठांतर म्हणतात. उलट शिकलेले थर गोठवून शेवटचा थर तेवढा बदलला, तर प्रत्येक फोटोचे 2048 गुण आणि तीन उत्तरे मिळून शिकायचे आकडे उरतात फक्त 6,147.

'मग निदान पानांच्याच फोटोंवर शिकवा,' असे कोणी म्हणेल. 'प्लांटव्हिलेज' संग्रहात सुमारे 54 हजार पाने आहेत, पण त्यातल्या द्राक्षाच्या रोगांत केवडाच नाही! त्याच संग्रहावरच्या 2016 च्या अभ्यासात अचूकता 99 टक्क्यांवर गेली. बाहेरून आणलेल्या फोटोंवर ती सुमारे 31 वर आली. आणि त्याच अभ्यासात इमेजनेटवर आधी शिकलेली मॉडेले शून्यापासून शिकवलेल्यांपेक्षा सरस ठरली.

एक्स-रेसारख्या फार वेगळ्या चित्रांत हा फायदा कधी कधी नगण्य असतो, हे मान्य. पण बागेत मॉडेल फसते ते वेगळ्याच कारणाने. बोर्डो फवारणीचे पांढुरके डाग भुरी समजले जातात. एकाच वेलीची पाने शिकवणीतही असतात आणि परीक्षेतही. मग गुण फुगतात. शून्यापासून शिकवल्याने यातले काहीच टळत नाही. फवारलेल्या निरोगी पानांचे फोटो घेतल्याने आणि प्लॉटनिहाय विभागणी केल्याने टळते.

न्यायाधीश वाचकच. पूर्वपक्षाला एकच विनंती : दिंडोरीचा एक अख्खा प्लॉट शिकवणीबाहेर ठेवा, दोन्ही मॉडेले त्यावर चालवा आणि आकडे समोर ठेवा.