शुभ्रतेचा निळा आभास
१/ नीळ कापडाचा पिवळेपणा झाके. पण ती प्रकाश शोषत असल्याने कापड किंचित काळवंडे.

२/ १९२९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ पाउल क्राइस यांनी हॉर्स चेस्टनटच्या सालीतील एस्क्युलिन पिवळट लिननवर वापरले. ते अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकते. कापड उजळले, मात्र उन्हात ही झळाळी टिकेना.

३/ पुढे धुलाईच्या पावडरींत स्टिल्बीनवर्गीय द्रव्ये आली. ती मळ काढत नाहीत, सुती धाग्यावर बसतात. उन्हाने ती विघटित झाली, की पांढऱ्या कापडाचा पिवळेपणा पुन्हा उघडा पडतो. फिक्या बदामी वा खाकी कापडावर मात्र धुण्यागणिक निळी झाक साचते आणि मूळ रंग बदललेला भासतो.

४/ अतिनील दिव्याखाली शतकापूर्वीचे म्हणवणारे सुती वस्त्र लख्ख निळे चमकले, तर संशय घ्यावा. पण ते बनावटच असेल असे नाही. कदाचित कोणी ते नंतर नव्या पावडरीने धुतले असेल.