खव्याचे गुलाबजाम फुटतात का आणि पाकात विरघळतात का?

हडपसरच्या गाडीतळाजवळच्या डेअरीतून पाव किलो खवा आणला, गोळे वळले, तळले आणि पाकात सोडले. थोड्या वेळाने बघावं तर काहींना भेगा पडलेल्या, काहींचा पाकात चुरा झालेला. अशा वेळी दोष बहुतेकदा खव्याला दिला जातो. पण कारणं सहसा तीन असतात: मैद्याचं प्रमाण, मळणं आणि तेलाची आच.

मैदा किती?

खव्यात तूप, दुधातली साखर आणि प्रथिनं असतात. गरम तेलात तूप वितळतं आणि गोळा सैल पडतो. त्याला धरून ठेवण्याचं काम मैदा करतो. मऊ, ओलसर खव्याला पाव किलोमागे साधारण ५० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर सोडा पुरतो. मैदा कमी पडला तर गुलाबजाम तेलातच फेसाळून सुटतो किंवा पाकात विरघळतो. जास्त झाला तर तो फुटत नाही, पण आतून घट्ट राहतो आणि पाक मध्यापर्यंत जात नाही. सोडा जास्त झाला तरी गोळ्याला जाळी पडून तो विरघळतो.

मळताना काय चुकतं?

खव्यात बारीक कण असतात. ते तसेच राहिले तर प्रत्येक कणापाशी गोळा कच्चा जोडलेला राहतो आणि तळताना तिथेच भेग पडते. म्हणून आधी नुसता खवा तळहाताने परातीत घासून मऊ करायचा आणि मग मैदा घालायचा. त्यानंतर फार मळायचं नाही, कारण तूप सुटतं आणि मैद्याला चिवटपणा येतो. वळलेल्या गोळ्यावर रेघ दिसली तर पीठ कोरडं आहे. चमचाभर दूध शिंपडून पुन्हा एकजीव करायचं. वळलेले गोळे ओल्या फडक्याखाली ठेवायचे.

आच किती?

तेल फार तापलेलं असेल तर बाहेरचा थर लगेच कडक होतो. मग आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वाट काढताना गोळा फोडते. वरून लाल दिसणारा असा गुलाबजाम आतून कच्चा असतो, म्हणून पाकात चपटा होतो. तेल अगदीच कोमट असेल तर थर धरत नाही आणि गोळा तेल पितो. साधारण १३० ते १४० अंश सेल्सिअस तापमान योग्य. थर्मामीटर नसेल तर पिठाचा छोटा तुकडा टाकून बघा. तो तळाशी जाऊन हळूहळू वर आला तर आच बरोबर आहे. पाकही उकळता नको, गरम आणि बोटाला चिकट लागेल एवढाच हवा.

आधी एकच तळा

सगळे गोळे सोडण्याआधी एक तळून पाकात टाका. तेलात विरघळला तर उरलेल्या पिठात चमचाभर मैदा घाला. भेगा पडल्या तर थोडं दूध लावून मळा. फक्त रंग झटकन आला तर पिठाला हात न लावता गॅस कमी करा.