सहा वर्षं रांगेत

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातली ही दंतकथा परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हीही वाचली असेल. १९७३ साली एमआयटीतला आयबीएम ७०९४ बंद केला, तेव्हा म्हणे त्यात १९६७ साली दिलेलं एक काम सापडलं. प्रायॉरिटी कमी, म्हणून तोवर एकदाही न चाललेलं! पुस्तकातही ही गोष्ट अफवा म्हणूनच येते, पण रोग खरा आहे. दर वेळी कोणीतरी जास्त तातडीचं नवीन येतं आणि जुनं काम तिथेच राहतं. यालाच स्टार्व्हेशन म्हणतात.

यावरचा उपाय म्हणजे एजिंग. समजा ० सगळ्यात तातडीचं आणि १२७ सगळ्यात शेवटचं. काम जितका वेळ थांबेल, त्यात दर १५ मिनिटांनी त्याचा आकडा एकने कमी करायचा. १२७ गुणिले १५ म्हणजे १९०५ मिनिटं. पावणेबत्तीस तासांत तळातलं काम शून्यावर पोचतं.

खरी मेख इथेच आहे. शून्यावर नवी कामंही थेट येत असतात. बरोबरी झाल्यावर जुनं आधी घेतलं नाही, तर आपलं काम पुन्हा उपाशीच! जुनं आधी घेतलं, तर मात्र नंतर आलेलं कोणी त्याच्या पुढे घुसू शकत नाही.

अर्थात, मशीनला झेपतील त्यापेक्षा जास्त कामं येत राहिली, तर एजिंगने रांग आटत नाही, फक्त उशीर सगळ्यांत वाटला जातो.

आणि हा रोग सरासरी वेळेत दिसत नाही. सरासरी काढतात ती संपलेल्या कामांची; अडकलेलं काम त्यात नसतंच. म्हणून रांगेतल्या सगळ्यात जुन्या कामाचं वय बघायचं. त्या दंतकथेत ते सहा वर्षं निघालं असतं.