तेलविहिरीवरचा पंप आणि परत आलेल्या पैशाचा प्रश्न

शिकागो विद्यापीठातील जेम्स लॉरी आणि संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी 1955 साली भांडवली गुंतवणुकीच्या गणितावर एक लेख प्रसिद्ध केला. त्या चर्चेत तेलविहिरीवरच्या पंपाचे एक उदाहरण पुढे आले. ते दिसायला अगदी साधे होते, पण त्याने एका लोकप्रिय मापाची झोप उडवली.

विहिरीत 20,000 डॉलरचे तेल शिल्लक आहे. चालू पंप ते दोन वर्षांत उपसतो, म्हणजे दरवर्षी 10,000 डॉलर हाती येतात. मोठा पंप बसवला तर 1,600 डॉलर जादा खर्च येतो, पण सगळे तेल पहिल्याच वर्षी वर येते. दोन्ही पर्यायांतला फरक मांडला तर चित्र असे दिसते : आज 1,600 गेले, वर्षाने 10,000 जादा आले आणि त्यापुढच्या वर्षी 10,000 कमी आले. हा खर्च करावा काय?

त्या काळी अशा प्रश्नाचे उत्तर अंतर्गत परतावा दराने, म्हणजे आयआरआरने देण्याची पद्धत रूढ होत होती. हे नाव केनेथ बोल्डिंग यांनी 1935 साली वापरले. ज्या व्याजदराने पुढच्या सगळ्या रकमा आजच्या मूल्यात आणल्या असता जमा आणि खर्च बरोबर जुळतात, तो हा दर. बाजारातला कोणताही दर त्याला लागत नाही, प्रकल्पाच्या स्वतःच्या आकड्यांतूनच तो निघतो, म्हणून ‘अंतर्गत’. जोएल डीन यांच्या 1951 च्या ‘कॅपिटल बजेटिंग’ या ग्रंथाने अशा वटवणुकीच्या गणिताला कारखानदारांच्या कचेऱ्यांत वाट करून दिली.

पंपाला हे माप लावले तेव्हा उत्तर आले 25 टक्के. आणि 400 टक्केही. ताळा करून पाहता येतो. 25 टक्क्यांनी पहिल्या वर्षाच्या 10,000 चे आजचे मूल्य 8,000 होते आणि दुसऱ्या वर्षाच्या 10,000 चे 6,400; फरक 1,600. आता 400 टक्के घेतले तर तेच आकडे 2,000 आणि 400 होतात. फरक पुन्हा 1,600. दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत. समीकरणात ऋण-धन चिन्ह जितक्या वेळा बदलते, तितकी धन उत्तरे संभवतात, हे देकार्तने 1637 सालीच सांगून ठेवले होते. बीजगणिताची काहीच चूक नव्हती. गुंतवणूकदाराला मात्र काय करावे ते कळत नव्हते.

शिकागोतच असलेले एझ्रा सॉलोमन यांनी 1956 साली यावर बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद जवळजवळ घरगुती आहे. मोठा पंप एक थेंबही जादा तेल देत नाही. तो फक्त 10,000 डॉलर एक वर्ष आधी हातात ठेवतो. तेव्हा खरा प्रश्न असा की त्या एका वर्षात मालक त्या पैशाचे काय करणार? समजा, बाहेर त्याला 23 टक्के मिळतात. मग वर्षअखेर 2,300 डॉलर जादा जमा होतील. आज 1,600 आणि दोन वर्षांनी 2,300, म्हणजे वर्षाला सुमारे 19.9 टक्के. बाहेर 23 टक्के मिळत असताना 19.9 साठी पंप कोण बसवील? 25 आणि 400 या दोन्ही आकड्यांत हा प्रश्न कुठे विचारलेलाच नव्हता.

पंपाचे उदाहरण विचित्र आहे, पण तोच प्रश्न सरळ प्रकल्पातही दडलेला असतो. 1,000 रुपये गुंतवले आणि तीन वर्षे दरवर्षी 500 परत आले, असे धरा. आयआरआर सुमारे 23.4 टक्के. याचा अर्थ नेमका काय? पहिल्या वर्षाअखेर 1,000 चे साधारण 1,234 झाले, त्यातून 500 काढले, 734 आत राहिले. त्यावर पुन्हा 23.4 टक्के चढले, 905 झाले, 500 काढले, 405 उरले. तिसऱ्या वर्षी त्याचेच 500 होऊन खाते मिटले. म्हणजे जो पैसा आत आहे त्यावरच हा दर मिळतो. बाहेर पडलेल्या 500 चे काय झाले, याविषयी हिशेब मौन पाळतो.

म्हणूनच ‘आयआरआर पुनर्गुंतवणूक त्याच दराने गृहीत धरतो’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य जरा सैल आहे. आकडा काढताना तसले काहीच गृहीत धरावे लागत नाही. गृहीतक शिरते ते नंतर, जेव्हा कोणी म्हणतो की माझे 1,000 रुपये तीन वर्षे 23.4 टक्क्यांनी वाढले. तसे झाले असते तर शेवटी सुमारे 1,878 रुपये हातात हवे होते, आणि त्यासाठी सुटलेला प्रत्येक हप्ता 23.4 टक्क्यांनीच पुन्हा लावावा लागला असता. बाहेर 10 टक्केच मिळत असतील तर 605, 550 आणि 500 मिळून 1,655 जमतात. 1,000 चे तीन वर्षांत 1,655 होणे म्हणजे वर्षाला 18.3 टक्के. हाच सुधारित अंतर्गत परतावा दर, एमआयआरआर. पाच टक्क्यांहून मोठी ही तफावत. प्रकल्प मात्र तोच, पैसाही तोच.

रॉबर्ट बाल्डविन यांनी 1959 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त जवळपास हीच रीत सुचवली आणि स्टीव्हन लिन यांनी 1976 साली ‘द इंजिनिअरिंग इकॉनॉमिस्ट’मध्ये तिचे विवेचन ‘सुधारित’ या नावाने केले. विचार मात्र बराच जुना. जिनेव्हात 1755 साली जन्मलेला गणिती एमान्युएल-एतिएन द्युव्हिलार याने 1787 च्या आपल्या ग्रंथात कर्जे आणि वर्षासने तपासताना परत येणाऱ्या हप्त्यांच्या पुनर्गुंतवणुकीचा दर वेगळा धरून पाहिला होता. फ्रान्सची राजसत्ता तेव्हा कर्जाखाली वाकली होती आणि जिनेव्हाचे सावकार तिची वर्षासने विकत घेत होते. हप्त्याने परत येणारा पैसा पुन्हा कुठे लावायचा, ही त्यांच्यासाठी रोजच्या धंद्याची गोष्ट होती. त्याचे हे काम पुढे दीर्घकाळ विस्मरणात गेले.

आता एक्सेलमध्ये एका ओळीत हे होते. पंपाच्या तीन रकमा पहिल्या स्तंभात, खर्चाच्या रकमा ऋण चिन्हाने भरून ही ओळ लिहावी :

```
=MIRR(A1:A3,23%,23%)
```

पहिला 23 टक्के हा खर्चाच्या रकमा आजच्या मूल्यात आणण्याचा दर, दुसरा पुनर्गुंतवणुकीचा. उत्तर येते सुमारे 22.4 टक्के. सॉलोमन यांच्या रीतीने तर 19.9 आले होते! कारण इतकेच की त्या रीतीत दुसऱ्या वर्षाची 10,000 ची तूट आधी आलेल्या पैशातून भागवली होती. एक्सेल तीच तूट आजच वेगळी काढून ठेवायच्या रकमेत धरते, त्यामुळे गुंतवलेला पाया 1,600 वरून सुमारे 8,210 होतो. तेव्हा एमआयआरआरचाही नुसता आकडा पाहून दोन प्रकल्पांची तुलना करणे धोक्याचे आहे. कोणते दर धरले आणि तूट कुठे वळती केली, हे सोबत लिहिलेले हवे. दर तर हिशेब मांडणाराच निवडतो. 23 ऐवजी 40 लिहिले की पंप एकदम देखणा दिसू लागतो. पण 23 टक्के हा दर प्रामाणिकपणे धरला असेल तर 19.9 आणि 22.4 दोन्ही त्याच्या खालीच राहतात आणि निव्वळ वर्तमान मूल्यही सुमारे 80 डॉलर उणे निघते. जुनाच पंप चालू ठेवावा, हे तिन्ही वाटांनी सारखेच येते.